फुटलेला सिमेंटचा पत्रा : धोका कशात आणि तो काढावा कसा

मुंबईच्या उपनगरांत ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, तो बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस सिमेंटचा असतो. अंधेरीतले जुने औद्योगिक गाळे, घाटकोपर आणि मुलुंडच्या बैठ्या चाळी, बोरिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवरचे शेड, सायकल ठेवण्याच्या जागा अशा सगळीकडे हा राखाडी, पन्हळी पत्रा दिसतो. या पत्र्याशी उपनगरांचे नाते जुने आहे. ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीशी संबंधित ॲसबेस्टॉस सिमेंटचा कारखाना 1930च्या दशकात मुलुंडला उभा राहिला आणि पुढे घाटकोपरला ॲसबेस्टॉसचे ब्रेक लायनिंग बनू लागले. भारतात हा पत्रा आजही कायदेशीरपणे विकला जातो. त्यामुळे तो फुटला की लोकांचा गोंधळ होतो. कोणी तुकडे झाडून कचऱ्याच्या डब्यात टाकतो, तर कोणी घाबरून घरच सोडतो. यांतले काहीच करावे लागत नाही. मात्र काही गोष्टी ठरलेल्या क्रमानेच कराव्या लागतात.

धोका नेमका कशात आहे

या पत्र्यात साधारण 8 ते 10 टक्के ॲसबेस्टॉस असते, बाकी मुख्यतः सिमेंट आणि राख. ॲसबेस्टॉस हे खनिजाचे तंतू आहेत. पत्रा धड असतो तोवर सिमेंटने ते घट्ट धरून ठेवलेले असतात आणि हवेत फारसे सुटत नाहीत. पत्रा फुटला, कापला, घासला किंवा त्याला भोक पाडले की सिमेंटची पकड सुटते आणि तंतू धुळीबरोबर हवेत येतात. एकेक तंतू इतका बारीक असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि नाकात गेला तरी खाज किंवा शिंक येत नाही. म्हणून ‘धूळ दिसत नाही, म्हणजे काही नाही’ हा हिशेब इथे चुकतो.

हे तंतू फुफ्फुसाच्या टोकाच्या हवापिशव्यांपर्यंत पोहोचतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि पुरते बाहेरही टाकता येत नाहीत. वर्षानुवर्षे श्वासातून तंतू जात राहिले तर फुफ्फुस कडक होत जाते. या आजाराला ॲसबेस्टोसिस म्हणतात. याशिवाय फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲसबेस्टॉसचे सर्व प्रकार, म्हणजे पत्र्यात वापरले जाणारे पांढरे ॲसबेस्टॉसही, माणसात कर्करोग निर्माण करतात. आजार दिसायला बहुधा 20 ते 40 वर्षे लागतात. धूम्रपान करणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

धोका किती, हे श्वासातून एकूण किती तंतू गेले यावर ठरते. सर्वाधिक त्रास रोज या धुळीत राबणाऱ्यांना होतो. मुंबईतल्या ॲसबेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तीत पाचांपैकी साधारण एका कामगाराला ॲसबेस्टोसिस असल्याचे आढळले. घरात एकदा एक पत्रा फुटला, तर त्यातून होणारा धोका यापेक्षा फार कमी असतो. त्यासाठी लगेच एक्स-रे काढून काही कळत नाही, कारण इतक्या लवकर त्यात काही दिसतच नाही. तुकडे महिनोन्महिने पायाखाली चुरडले जाणे किंवा दर पावसाळ्याआधी पत्रा घासला जाणे ही खरी काळजीची बाब आहे.

पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे का

लोखंडी पत्र्याला चुंबक चिकटते. प्लास्टिक आणि फायबरचे पत्रे हलके असतात व उजेड आत सोडतात. सिमेंटचा पत्रा जड, राखाडी आणि साधारण 6 मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या फुटक्या कडेला बारीक केसाळ तंतू दिसू शकतात. आता ॲसबेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात, पण नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. खात्री प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पत्रा जुना असेल आणि तो ॲसबेस्टॉसचा नसल्याचा कागद हाती नसेल, तर तो ॲसबेस्टॉसचा आहे असे धरूनच चालावे. नमुना हवा म्हणून धड पत्रा फोडू नये.

काढायचा की ठेवायचा

प्रत्येक पत्रा काढलाच पाहिजे असे नाही. धड पत्रा निष्काळजीपणे उतरवला तर तो जागेवर असताना होणाऱ्या धुळीपेक्षा जास्त धूळ होते. निर्णय पत्र्याची अवस्था पाहून घ्यावा.

- पत्रा धड आहे, पृष्ठभाग टणक आहे : तो तसाच राहू द्या. त्यावर खिळे मारू नका, डिश किंवा पाइप बसवण्यासाठी भोक पाडू नका.
- एखादी बारीक चीर आहे : चीर व आजूबाजूचा भाग ओला करून पुसा आणि वाळल्यावर वॉटरप्रूफ टेप किंवा लेप लावा. लेपाआधी तारेच्या ब्रशने घासू नका.
- पृष्ठभाग भुसभुशीत आहे, बोट फिरवल्यावर पावडर लागते, जाड शेवाळ आहे : पावसाने वरचे सिमेंट झिजले आहे आणि तंतू उघडे पडले आहेत. हा पत्रा बदलण्याची तयारी करा.
- पत्रा फुटला, भोक पडले किंवा हुकाजवळ तुकडा निघाला : तो पत्रा काढा. शेजारचे धड पत्रे काढायलाच हवेत असे नाही.

जुन्या पत्र्यांवर लोखंडी किंवा प्लास्टिकचे नवे पत्रे चढवण्याचा पर्यायही दिला जातो. पण त्याने जुन्या वाशांवर आणि अँगलांवर वजन वाढते आणि नवे हुक बसवताना जुन्याच पत्र्यात भोके पडतात. इंजिनिअरने आधार तपासला असेल आणि भोके पाडावी लागणार नसतील, तरच हा पर्याय घ्यावा.

पत्रा अचानक फुटला तर पहिला अर्धा तास

वरून नारळ पडतो, राष्ट्रीय उद्यानालगतच्या बोरिवली-मुलुंडच्या वस्त्यांत माकडे उड्या मारतात, वादळात फांदी कोसळते. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा ठिकठिकाणी पत्रे उडाले. अशा वेळी क्रम असा ठेवावा :

1. मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना खोलीबाहेर न्या. पंखा लगेच बंद करा, कारण तो धूळ घरभर पसरवतो.
2. झाडू घेऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. बारीक तंतू त्याच्या गाळणीतून आरपार जातात आणि मागून हवेत फेकले जातात.
3. एक लिटर पाण्यात भांड्याच्या साबणाचे काही थेंब घालून फवाऱ्याने तुकडे हलकेच भिजवा. साबणाने पाणी तुकड्यात चांगले मुरते.
4. एफएफपी-2 किंवा त्याहून चांगला मास्क आणि रबरी हातमोजे घालून तुकडे हाताने उचला आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीत बसावेत म्हणून मोठे तुकडे आणखी फोडू नका.
5. उरलेली धूळ ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसा. फडके धुऊन पुन्हा वापरू नका, त्याच पिशवीत टाका. पिशवी बांधून दुसऱ्या पिशवीत घाला.

काम सुरू करण्यापूर्वी

छतावरच्या कामात पडण्याचा धोका धुळीइतकाच गंभीर आहे आणि तो त्याच दिवशी जीव घेऊ शकतो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेलच याची खात्री नसते. शेवाळाखाली चीर लपलेली असते आणि पाय ठेवताच पत्रा सूचना न देता फुटतो. म्हणून पत्र्यावर कधीही उभे राहू नये. उतरवणारा माणूस खालून, पक्क्या घोडीवर किंवा परांचीवर उभा राहून काम करू शकला तर सर्वांत बरे. वर जावेच लागले तर दोन अँगलांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकाव्या आणि सुरक्षा पट्टा पक्क्या खांबाला बांधावा. पत्र्यांची संख्या मोठी असेल, जागा उंच असेल किंवा पत्रे भुसभुशीत झाले असतील, तर हे काम घरच्यांनी करूच नये.

लागणारे सामान साधे आहे :

- मास्क : आयएस 9473 छाप असलेला एफएफपी-2, शक्य तर एफएफपी-3. रुमाल किंवा कापडी मास्क तंतू अडवत नाही. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.
- अंगभर टोपीसह एकदाच वापरायचा कव्हरॉल, रबरी हातमोजे, चष्मा आणि बिनलेसचे गमबूट.
- हाताने दाब द्यायचा बागेचा फवारा. प्रेशर वॉशर चालत नाही. त्याच्या जोराने पृष्ठभाग खरवडला जातो आणि तंतू चिखलाबरोबर शेजाऱ्यांकडे उडतात.
- 200 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद. हार्डवेअरच्या दुकानात तो 800 गेज म्हणून मागावा.
- बोल्ट कटर, जाड चिकटपट्टी, कायम मार्कर आणि पुरेशी फडकी.

ग्राइंडर, कटर मशीन आणि ड्रिल यांना या कामात जागा नाही. ग्राइंडरने काही मिनिटांत होणारी धूळ, पत्रा वर्षानुवर्षे झिजून होणाऱ्या धुळीला मागे टाकते.

काम एप्रिल-मे महिन्यात, वारा कमी असताना सकाळी करावे. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून खिडक्या बंद ठेवायला लावाव्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला सांगावे. छताची उंची किंवा आकार बदलणार असेल तर आपल्या वॉर्ड ऑफिसची परवानगी आधी घ्यावी. अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम, अंधेरी पूर्वेला के-पूर्व, बोरिवलीला आर-मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन वॉर्ड आहे.

पत्रे उतरवण्याचा क्रम : 12 पत्र्यांचे उदाहरण

समजा, मुलुंडच्या एका बैठ्या चाळीतल्या खोलीवर 2 मीटर लांब आणि साधारण 1.05 मीटर रुंद असे 12 पत्रे आहेत. असा एक पत्रा साधारण 28 किलोचा भरतो. म्हणजे एकूण वजन सुमारे 340 किलो होते आणि त्यात अंदाजे 30 किलो ॲसबेस्टॉस असते. दोघे वर आणि दोघे खाली अशी माणसे लागतात. एकट्याने पत्रा उचलायचा प्रयत्न केला की तो हातातून निसटतो आणि फुटतो.

1. खोली रिकामी करावी. जे हलवता येत नाही ते प्लास्टिकने पूर्ण झाकावे. खाली अंगणात प्लास्टिकचा कागद अंथरून पत्रे ठेवण्याची जागा तयार ठेवावी आणि तिथे दोरी लावावी.
2. पत्रे वरून आणि शक्य तिथे खालूनही साबणाच्या पाण्याने भिजवावे. पाण्याची धार नको, धुक्यासारखा फवारा हवा. ओला पत्रा निसरडा होतो, हे वर काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे. वाळू लागला की पुन्हा फवारावे.
3. आढ्यावरचा जोडाचा तुकडा आधी काढावा. पत्रे बसवताना खालची रांग आधी बसते आणि वरची तिच्यावर चढते. त्यामुळे उतरवताना वरच्या रांगेपासून सुरुवात करावी. उलट क्रमाने ओढले तर पत्रा दुसऱ्याखाली अडकून फुटतो.
4. जे-बोल्टचे नट गंजलेले असतात. पान्हा लावून ते फिरले नाहीत तर हातोडा मारू नये. बोल्टाभोवती पाणी फवारून खालच्या बाजूने हुक बोल्ट कटरने कापावा. नट आणि वॉशर त्याच कचऱ्यात जातात.
5. सुटलेला पत्रा उभा धरून खालच्या जोडीच्या हातात द्यावा. वरून टाकू नये, दुसऱ्या पत्र्यावरून घसरवूही नये.
6. पाच-सहा पत्र्यांची एक चवड करून ती प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळावी आणि सर्व जोड चिकटपट्टीने बंद करावे. वरच्या थरावर मोठ्या अक्षरांत ‘ॲसबेस्टॉस : फोडू नका, उघडू नका’ असे लिहावे.
7. अँगल, वासे आणि भिंतींचे माथे ओल्या फडक्याने पुसावे. पन्हळ आणि गटारीतला गाळही ओला असतानाच काढून पिशवीत भरावा, कारण झिजलेल्या पत्र्यांचे तंतू त्यात साचलेले असतात. ही फडकी आणि खाली अंथरलेले प्लास्टिकही कचऱ्यातच.
8. कव्हरॉल पुसून, आतली बाजू बाहेर येईल असा उलटा गुंडाळत काढावा. मास्क सगळ्यात शेवटी काढावा. मग साबणाने डोक्यावरून आंघोळ करावी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. साधे कपडे वापरले असतील तर ते कचऱ्यातच टाकावे.

काम नीट झाले की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्रे अखंड उतरले असतील, जमिनीवर कोरडी पांढरी पावडर कुठेही नसेल आणि वाळल्यानंतर काळे फडके वाशावर फिरवल्यास त्यावर राखाडी थर येत नसेल, तर नवे पत्रे चढवायला हरकत नाही.

पत्रे टाकायचे कुठे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उतरवलेले पत्रे डेब्रिजच्या गाडीत टाकले जातात किंवा भंगारवाल्याला दिले जातात. पश्चिम उपनगरांतले डेब्रिज दहिसरच्या आणि पूर्व उपनगरांतले शिळफाट्याजवळच्या डायघरच्या प्रक्रिया केंद्राकडे जाते. तिथे ते यंत्रात चुरून त्याची वाळू आणि खडी बनवतात. त्यात ॲसबेस्टॉसचा पत्रा मिसळला तर तोही चुरला जातो आणि तंतू नव्या बांधकामाच्या मालात जातात. म्हणून हे पत्रे डेब्रिजमध्ये लपवून पाठवू नयेत.

घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत टाकून दिलेले ॲसबेस्टॉस घातक कचऱ्याच्या यादीत आहे. पण ती नोंद ॲसबेस्टॉसच्या उत्पादनाशी जोडलेली आहे. घराच्या छतावरून निघालेल्या पत्र्यांसाठी वेगळी सोपी व्यवस्था या नियमांत नाही. म्हणून पुढील मार्ग क्रमाने अजमावावे :

- वॉर्ड ऑफिसचा घनकचरा विभाग : पत्रे उतरवण्याआधीच लेखी अर्ज करून ‘ॲसबेस्टॉसचे पत्रे, इतके नग, अंदाजे इतके वजन’ असे स्पष्ट लिहून कुठे पाठवावे ते विचारा. महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर जवळ ठेवा.
- तळोजाचे घातक कचरा केंद्र : मुंबई वेस्ट मॅनेजमेंट या नावाचे हे सामाईक केंद्र सुरक्षित भरावात कचरा पुरते. कारखाना, गाळा किंवा मोठी सोसायटी यांच्यासाठी हाच योग्य मार्ग आहे. त्यासाठी नोंदणी, वाहतुकीचा परवाना असलेली गाडी आणि फॉर्म 10 ही कचऱ्याची पाठवणपावती लागते. एका खोलीच्या 12 पत्र्यांसाठी हे जड जाते. त्यामुळे चाळीतल्या किंवा गल्लीतल्या लोकांनी काम एकत्र काढून एकच गाडी करावी.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ : ठेकेदार परवानगीशिवाय वाहतूक करत असेल किंवा रिकाम्या भूखंडावर, खाडीकाठी पत्रे टाकत असेल तर तक्रार इथे करावी.

मार्ग ठरेपर्यंत गुंडाळलेल्या चवडी आडव्या, सावलीत, कुलूपबंद आणि मुलांच्या हाती न लागणाऱ्या जागी ठेवाव्या. आवारात पुरण्याचा मोह टाळावा. उद्या पुनर्विकासात तीच जमीन जेसीबीने खणली जाणार असते आणि पत्रे फुटून पुन्हा वर येतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- फुटके तुकडे अंगणात किंवा खड्ड्यात भरणी म्हणून टाकणे. येणाजाणाऱ्यांच्या पायाखाली ते रोज चुरडले जातात.
- पावसाळ्याआधी शेवाळ काढण्यासाठी पत्रा कोरडा घासणे.
- चुलीला किंवा शेगडीला आडोसा म्हणून तुकडा लावणे. तापल्यावर हा पत्रा स्फोटासारखा तडकून फुटतो.
- अखंड पत्रे दुसऱ्याला वापरायला देणे. तिथे ते कापले जातात, नवी भोके पाडली जातात आणि धोका दुसऱ्या घरात जातो.

हक्क आणि जबाबदारी

सोसायटीच्या गच्चीवरचे किंवा सामाईक जागेवरचे पत्रे ही सोसायटीची जबाबदारी आहे. सभासदाने कार्यकारिणीला फुटक्या पत्र्याच्या फोटोसह लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पुनर्विकासाचा करार करताना ‘इमारत पाडण्याआधी ॲसबेस्टॉसचे सर्व पत्रे अखंड उतरवून घातक कचरा केंद्राकडे पाठवावे व पावती सोसायटीला द्यावी’ असे कलम घालून घ्यावे. हे कलम नसले की पत्र्यांवर सरळ जेसीबी चालतो.

भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 चा आधार आहे. घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे काम मालकाचे आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि कायद्यातल्या मर्यादेत तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. खर्चाची बिले जपून ठेवावी.

पत्रे उतरवणाऱ्या कामगाराला मास्क, कव्हरॉल आणि सुरक्षा पट्टा देणे ठेकेदाराचे कर्तव्य आहे. काम देणाऱ्यानेही कोटेशनमध्ये हे सामान लिहून घ्यावे आणि ते दिसल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे ठेवण्याचा आदेश कारखान्यांना दिला. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात ॲसबेस्टोसिस हा व्यवसायजन्य आजार आहे. हे काम अनेक वर्षे केलेल्या माणसाने दम लागत असेल किंवा कोरडा खोकला जात नसेल तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे. नाहीतर त्याचे निदान टीबी किंवा दमा म्हणून होऊ शकते. कुठे, किती वर्षे, कोणत्या ठेकेदाराकडे काम केले याची नोंदही जवळ ठेवावी, कारण भरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो.